कार्डाचं ऑटोपे: पूर्ण बिल, मिनिमम की ठरावीक रक्कम?

मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरी लागली, पगाराचं खातं उघडलं, की काही महिन्यांत बँकेचा फोन येतोच: तुमचं क्रेडिट कार्ड मंजूर झालंय. आसनगाव किंवा वासिंदहून लोकल पकडून रोज ठाण्या-मुंबईला जाणाऱ्यांच्या पाकिटात तर एकाच्या जागी दोन कार्डं सहज निघतात. कार्डाचा फॉर्म भरून घेणाऱ्या मुलाला पुढचं गिऱ्हाईक गाठायचं असतं. तो शेवटच्या पानावर बोट ठेवून विचारतो, "सर, ऑटोपे मिनिममवर टाकतो ना? खात्यावर बोजा नको." आपण मान डोलावतो आणि तो चौकोनात खूण करून मोकळा होतो. पुढची कित्येक वर्षं कार्डावर किती व्याज जाणार, ते बहुतेक घरांत त्या एका खुणेने ठरतं. ती खूण कुठे करायची आणि केल्यावर ती नीट चालते का हे कसं पाहायचं, तेवढंच इथे सांगतो.

आपल्या तालुक्यांना कार्ड नवं नाही. मुरबाड तालुक्यातलं धसई डिसेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीच्या दिवसांत, राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं आणि तिथल्या दुकानांत कार्ड घासायची यंत्रं बसली होती. पण तेव्हाचा व्यवहार मुख्यतः डेबिट कार्डाचा, म्हणजे आपल्याच खात्यातल्या पैशांचा. क्रेडिट कार्डाचा पैसा बँकेचा असतो, आणि तो बिनव्याजी राहायला अट एकच: बिल पूर्ण भरलं पाहिजे, आणि वेळेत. ऑटोपेचे तीन पर्याय पारखायचे ते या अटीवर.

बिलावरच्या दोन तारखा

बिलाच्या वरच्या चौकटीत चार गोष्टी असतात: बिलाची तारीख, भरायची शेवटची तारीख, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. बिलाची तारीख म्हणजे महिनाभराचा हिशेब बँक ज्या दिवशी बंद करते तो दिवस. त्यानंतर साधारण १८ ते २० दिवसांनी शेवटची तारीख येते. ऑटोपेचे पैसे बहुधा त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवस आधी खात्यातून उचलले जातात.

पुढचा सगळा हिशेब एकाच उदाहरणावर करू. मुरबाडच्या कारखान्यातला एक फिटर आहे असं धरा. पगार दर महिन्याच्या ७ तारखेला. कार्डाचं बिल १२ तारखेला बनतं आणि २ तारखेपर्यंत भरायचं असतं. २० मे रोजी त्याने १८,००० रुपयांचा फ्रीज कार्डावर घेतला, ५ जूनला मुलांची पुस्तकं, दप्तरं आणि घरातला किराणा मिळून ६,००० रुपये झाले. १२ जूनचं बिल आलं २४,००० रुपयांचं. किमान रक्कम ५ टक्क्यांनी १,२०० रुपये. व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. दर बँकेगणिक आणि कार्डागणिक बदलतो, पण नेहमीच्या कार्डांवर महिना साडेतीन ते पावणेचार टक्के हा सर्रास दिसणारा आकडा आहे. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. बँकेच्या साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर मात्र लागतो, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

मिनिममवर खूण केली तर

२ जुलैला खात्यातून १,२०० रुपये गेले. मोबाइलवर संदेश आला, पैसे मिळाले, धन्यवाद. त्याला वाटतं आता २२,८०० रुपये राहिले.

१२ जुलैचं बिल येतं तेव्हा त्यात त्याने नवी एकही खरेदी केलेली नसते, तरी एकूण देय रक्कम असते जवळपास २४,३८०. भरण्याआधी होती त्याहून जास्त!

हे कसं झालं ते पाहा. बिल पूर्ण न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत रद्द झाली, आणि ती पुढची नव्हे, मागची. बहुतेक बँका व्याज लावतात ते शेवटच्या तारखेपासून नाही, खरेदी केली त्या दिवसापासून. फ्रीजच्या १८,००० वर २० मे ते २ जुलै असं ४३ दिवसांचं व्याज. पुस्तकं-किराण्याच्या ६,००० वर २७ दिवसांचं. उरलेल्या २२,८०० वर २ ते १२ जुलैचं आणखी दहा दिवसांचं. रोजच्या दराने हे सगळं मिळून होतं सुमारे १,३४० रुपये, त्यावर जीएसटी २४०. भरले १,२००, चढले १,५८०.

पुढच्या महिन्यांत मागच्या तारखेचं व्याज नसतं, त्यामुळे देणं उतरायला लागतं, पण किती? किमान रक्कम ५ टक्के, आणि व्याज-जीएसटी मिळून महिन्याला सव्वाचार टक्क्यांच्या आतबाहेर. म्हणजे भरलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले ऐंशीच्या वर व्याजातच जातात. कार्डावर एक रुपयाही नवा खर्च न करता, फक्त बिलाच्या ५ टक्के भरत राहिलं, तर हे देणं निम्म्यावर यायलाच पाच-सहा वर्षं लागतील. काही बँका किमान रक्कम ५ टक्क्यांऐवजी कमी धरतात. गिऱ्हाइकाला ते बरं वाटतं, पण मुद्दल आणखी हळू उतरतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनुसार, नुसती किमान रक्कम भरली तर परतफेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल असा इशारा बिलावर छापावा लागतो. तो तिथे असतो. बारीक अक्षरात असतो, आणि आपण संदेशातला आकडा पाहून बिल उघडतच नाही.

दुसरा खड्डा नव्या खरेदीचा. मागचं देणं बाकी असेल तोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. ३ जुलैला पंपावर ५०० रुपयांचं पेट्रोल टाकलं तर ३ जुलैपासूनच त्यावर व्याज. मिनिममवर ऑटोपे लावून कार्ड रोज वापरणाऱ्याला वाटतं की आपण पन्नास दिवस बँकेच्या पैशावर चालवतो आहोत. प्रत्यक्षात तो किराणासुद्धा ४२ टक्क्यांनी घेत असतो.

हे व्याज बेकायदा आहे का, असा प्रश्न नेहमी येतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे त्या जुन्या निकालाची कात्रणं दाखवून आज बँकेशी भांडता येत नाही.

हजार रुपये कमी भरले तर

आता ठरावीक रकमेकडे येऊ. दर महिन्याला अमुक रुपये कार्डाला जाऊ देत, असा हिशेब घर चालवणाऱ्यांना आवडतो, कारण पतपेढीचा हप्ता तसाच जातो. पण कार्डाचं गणित हप्त्यासारखं नाही.

समजा आपल्या फिटरने ठरावीक रक्कम भरघोस ठेवली, २३,०००. बिल २४,०००. राहिले फक्त १,०००. त्या हजारावर दहा दिवसांचं व्याज किती, तर अकरा-बारा रुपये. पण पूर्ण बिल न भरल्याने फ्रीजचे ४३ दिवस आणि पुस्तकांचे २७ दिवस पुन्हा जागे होतात. व्याज येतं सुमारे १,०९०, जीएसटी धरून १,२८५ रुपये. हजार रुपये राहिले म्हणून बाराशे पंच्याऐंशीचा भुर्दंड. तुमच्या बँकेची पद्धत अशीच आहे का, हे तिच्या कार्डाच्या माहितीपत्रकात व्याजाचं उदाहरण सोडवून दिलेलं असतं, त्यावरून कळतं. बँकेने असं उदाहरण देणं बंधनकारक आहे. फोनवर विचारण्यापेक्षा ते उदाहरण काढून वाचा.

म्हणजे ज्या महिन्यात बिल ठरावीक रकमेपेक्षा मोठं, त्या महिन्यात भुर्दंड. बिल कमी, तर उरलेले पैसे कार्डावर जमा पडून राहतात आणि त्यावर काही मिळत नाही. आणि ठरावीक रक्कम किमान रकमेच्याही खाली गेली, तर पैसे भरूनसुद्धा तुम्ही थकबाकीदार. हे शेवटचं विशेषतः कार्डावर ईएमआय चालू असेल तेव्हा होतं, कारण ईएमआयचा पूर्ण हप्ता किमान रकमेत मिसळतो. ३,००० ठरवून ठेवलेत आणि मोबाइलचा २,८०० चा हप्ता सुरू झाला, की किमान रक्कम तीन हजारांच्या वर जायला वेळ लागत नाही. चालू कार्डाला म्हणून ठरावीक रक्कम लावू नये.

ती कामाची आहे एकाच ठिकाणी: देणं आधीच साठलेलं आहे, कार्ड वापरणं बंद केलंय आणि आता ते फेडायचंय. इथे ती मिनिममपेक्षा कितीतरी पटीने चांगली, आणि कारण साधं आहे. देणं उतरतं तशी किमान रक्कमही उतरते, म्हणून फेड कधी वेग घेत नाही. ठरावीक रक्कम उतरत नाही. आपल्या फिटरने जुलैच्या २४,३८० रुपयांवर कार्ड कपाटात ठेवलं आणि महिना ३,००० लावले, तर नऊ पूर्ण हप्ते आणि दहावा साधारण २,८०० चा, एवढ्यात देणं फिटतं. एकूण गेले अंदाजे २९,८००. व्याजाचे साडेपाच हजार टोचतील खरे, पण शेवट दिसतो.

व्यवहारातली अडचण अशी की बँकेच्या ऑटोपेच्या फॉर्मवर बहुधा दोनच चौकोन असतात, पूर्ण आणि किमान. ठरावीक रकमेचा पर्याय थोड्याच ठिकाणी मिळतो. तो नसेल तर ऑटोपे मिनिममवर ठेवायचं आणि उरलेले पैसे पगाराच्या दुसऱ्याच दिवशी स्वतः भरायचे, किंवा बचत खात्याच्या नेटबँकिंगमधून कार्डाच्या खात्यावर दरमहा ठरावीक रक्कम पाठवायची स्थायी सूचना द्यायची.

माझं मत विचाराल तर, साठलेलं देणं २०-२५ हजारांच्या वर असेल तर कार्डावर फेडतच बसू नये. कर्मचारी पतपेढीचं कर्ज, सोनेतारण, नाहीतर त्याच बँकेत बिलाचं ईएमआयमध्ये रूपांतर, यांतलं काहीही वर्षाला ४२ टक्क्यांपेक्षा स्वस्त पडतं. ते पैसे घेऊन कार्ड एकदाच शून्यावर आणा. फक्त त्यानंतरच्या बिलात एक छोटी रक्कम व्याजाची येईल, कारण मागचं बिल बनल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस बाकी असतात. ती चूक नसते. तीही पूर्ण भरली की बिनव्याजी मुदत परत सुरू होते. काही बँका त्यासाठी लागोपाठ दोन बिलं पूर्ण भरलेली मागतात.

पूर्ण बिलावर लावायचं, पण तारीख बघून

चालू कार्डाला पूर्ण बिलाचंच ऑटोपे हवं, याबद्दल दुमत नाही. पण आपल्या फिटरने नुसती खूण बदलली तर तो आगीतून फुफाट्यात जाईल. त्याचा पगार ७ तारखेला आणि पैसे उचलायची तारीख २. महिन्याच्या त्या टोकाला खात्यात असतील नऊ-दहा हजार.

इथे ऑटोपेचा एक स्वभाव माहीत हवा. दुसऱ्या बँकेतल्या खात्यावरून एनएसीएचच्या मँडेटने पैसे मागवले जातात तेव्हा २४,००० ची मागणी आली आणि खात्यात २३,५०० असले, तर २३,५०० जात नाहीत. काहीच जात नाही. मागणी परत जाते. मिनिममवरचं ऑटोपे निदान तेवढं तरी भरतं, पूर्ण बिलाचं फसलेलं ऑटोपे शून्य भरतं.

मग खर्च मोजा. बचत खात्याची बँक मँडेट परत गेल्याचे साधारण ३०० रुपये लावते असं धरू, कार्डाची बँक तिच्या बाजूचे ५००, उशिराचा दंड ८००. तिन्हींवर जीएसटी धरून होतात १,८९०. ७ ला पगार आला, ८ ला त्याने घाईने सगळे २४,००० भरले, तरी खरेदीपासून ८ जुलैपर्यंतचं व्याज जीएसटीसह १,४६५. बेरीज ३,३५० च्या पुढे, तेही फक्त सहा दिवसांच्या उशिरासाठी. तुमच्या बँकेचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण घर तेच.

यातला उशिराचा दंड टाळायला एक खिडकी आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे शेवटची तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाले तरच बँक दंड लावू शकते आणि थकबाकी म्हणून सिबिलसारख्या संस्थांना कळवू शकते. शेवटची तारीख २ असेल, तर ५ पर्यंत किमान रक्कम जरी स्वतः भरली तरी दंड आणि सिबिलवरचा डाग टळतो. व्याज टळत नाही. म्हणून ऑटोपे परत गेल्याचा संदेश आला की रविवार असला तरी त्याच दिवशी काय जमतं ते भरा. आणि रविवारी मँडेट येणार नाही या भरवशावर राहू नका. १ ऑगस्ट २०२१ पासून एनएसीएच सुट्टीच्या दिवशीही चालतं.

खरा उपाय तारीख हलवण्याचा. बिलाचं चक्र निदान एकदा तरी बदलून घेण्याची मुभा कार्डधारकाला द्यावी, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. अ‍ॅपमध्ये, फोनवर किंवा ईमेलने ते मागता येतं. फिटरने बिलाची तारीख १२ ऐवजी २२ करून घेतली, की भरायची तारीख पुढच्या महिन्याच्या १२ च्या आसपास येते. पगार ७ ला, घरभाडं-दूध ८-९ ला, कार्ड १२ ला. आता पूर्ण बिलावर खूण करायला हरकत नाही. बदल होताना मधलं एक बिल लहान किंवा लांबलेलं येईल, त्याची तारीख तेवढी वेगळी पाहून घ्या.

शिक्षक, कंत्राटी कामगार, भातविक्री किंवा भेंडीच्या मळ्यावर घर चालणारे, यांना तारीख हलवूनही पुरत नाही, कारण पैसा कधी येईल तेच ठरलेलं नसतं. पगाराचं बिल अडकलं की ७ चा पगार १५ ला होतो. अशांनी मी सांगितलेला नियम उलटा लावावा: ऑटोपे मिनिममवर ठेवायचं, पण ते जाळं म्हणून. पूर्ण बिल शेवटच्या तारखेच्या पाच-सहा दिवस आधी स्वतः भरायचं. एखाद्या महिन्यात विसरलं, आजारपण निघालं, माळशेजच्या बाजूला गावी गेलो आणि रेंजच मिळाली नाही, तर किमान रक्कम आपोआप जाऊन दंड आणि सिबिल वाचतं. याला शिस्त लागते. ती मोडत असेल तर कार्डाची मर्यादाच बँकेला सांगून इतकी कमी करून घ्या की पूर्ण बिल आलं तरी खात्यातल्या नेहमीच्या शिलकीतून जाईल. मर्यादा वाढवायचे संदेश बँक स्वतः पाठवते, कमी करायला आपल्याला मागावं लागतं.

स्वतः भरायचं ते पाच-सहा दिवस आधी का, तर ऑटोपेची मागणी बँकेकडून शेवटच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच तयार होऊन पुढे गेलेली असू शकते. त्यानंतर तुम्ही भरलंत, तर पैसे दोनदा जातात. जादा रक्कम कार्डावर जमा दिसते आणि मागितल्यावर खात्यात परत मिळते, पण तोवर तुमची टंचाई.

मँडेट देताना

कार्ड आणि बचत खातं एकाच बँकेत असेल तर काम सोपं आहे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या पानावर ऑटोपेचा पर्याय असतो, खातं निवडायचं, पूर्ण की किमान ते निवडायचं, ओटीपी द्यायचा.

खातं दुसऱ्या बँकेत असेल तर एनएसीएचचं मँडेट लागतं. ते कागदावर सही करून देता येतं, नाहीतर नेटबँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधारच्या ओटीपीने. खातं जिल्हा सहकारी बँकेत किंवा नागरी सहकारी बँकेत असेल तर आधी शाखेत विचारून या: कार्डाचं मँडेट घेता का, आणि कागदी की ऑनलाइन. फॉर्म देऊन महिनाभराने तो परत आल्याचं कळण्यापेक्षा ही एक फेरी स्वस्त. कागदी फॉर्मवरची सही बँकेतल्या जुन्या सहीशी जुळली पाहिजे. वीस वर्षांपूर्वी मराठीत केलेली सही आणि आज इंग्रजीत केलेली सही हे मँडेट नाकारलं जाण्याचं नेहमीचं कारण आहे.

मँडेटमध्ये कमाल रकमेचा एक रकाना असतो आणि चूक होते ती इथेच. घाबरून लोक त्यात ५,००० किंवा १०,००० लिहितात. मग २४,००० चं बिल आलं की मागणी परत जाते, किंवा तेवढेच पैसे जातात आणि बाकीवर व्याज लागतं. बँकेगणिक यातलं काय होईल ते बदलतं, दोन्ही वाईटच. कमाल रक्कम निदान कार्डाच्या मर्यादेइतकी लिहा. धोका कमी करायचा असेल तर कार्डाची मर्यादा उतरवा, मँडेटची नको.

यूपीआयच्या ऑटोपेने किंवा डेबिट कार्डावरच्या ई-मँडेटने बिल भरत असाल, तर १२ डिसेंबर २०२३ पासून क्रेडिट कार्डाच्या बिलासाठी एक लाखापर्यंतची रक्कम दर वेळी पिन न मागता जाऊ शकते. त्याआधी ती मर्यादा १५,००० होती. पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी संदेश यायला हवा. त्या संदेशातला आकडा बिलाशी जुळतो का, एवढं पाहायचं. यूपीआय अ‍ॅपमध्ये चालू मँडेटची यादी वेगळ्या पानावर असते, तिथून ते थांबवता किंवा रद्द करता येतं. त्या पानावर आपण न दिलेलं एखादं मँडेट दिसलं तर तिथल्या तिथे रद्द करा.

आणि ऑटोपे चालू करायला बँक कधी लिंक पाठवून अ‍ॅप उतरवायला लावत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल, "तुमचं ऑटोपे आज बंद होणार" म्हणणारा फोन, पिन टाकून "मंजुरी" द्यायला सांगणारी विनंती, यांतल्या कशालाही उत्तर देऊ नका. जे करायचं ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्वतः शिरून, किंवा शाखेत जाऊन.

मँडेट मंजूर झालं की त्याचा यूएमआरएन नावाचा वीस अक्षर-आकड्यांचा क्रमांक मिळतो. तो पासबुकच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढे रद्द करताना किंवा तक्रार करताना बँक पहिला तोच मागते.

पहिलं बिल हाताने भरा

नोंदणी झाली म्हणजे ऑटोपे सुरू झालं असं नाही. आधीच बनलेल्या बिलाला ते बहुतेक वेळा लागू होत नाही, पुढच्यापासून होतं. याच फटीत पुष्कळांना पहिला दंड लागतो. खूण सोपी आहे: नव्या बिलावर ऑटोपेने अमुक खात्यातून पैसे घेतले जातील, अशी ओळ छापून आलेली असते. ती ओळ दिसेपर्यंत बिल स्वतः भरा. ओळ दिसली तरी पहिल्या वेळी शेवटच्या तारखेला संध्याकाळी दोन्हीकडे पाहा, बचत खात्यातून किती गेले आणि कार्डावर एकूण देय किती उरलं. पूर्ण बिलावर लावलेलं असताना किमान रक्कमच गेली असेल, तर फॉर्म भरणाऱ्याने खूण दुसऱ्या चौकोनात केली आहे. उरलेले त्याच रात्री भरा.

पूर्ण बिलाच्या ऑटोपेला एक दुखणं आहे, ते नाकारून चालणार नाही. बिलात कुणी दुसऱ्याने केलेला खोटा व्यवहार असेल तर तेही पैसे आपोआप भरले जातात. म्हणून बिल आल्यावर भरायच्या तारखेपर्यंतचे दिवस वाचायला आहेत. अनोळखी ओळ दिसली तर कार्ड लगेच बंद करून बँकेला लेखी कळवा. दोष तुमचा किंवा बँकेचा नसेल आणि व्यवहाराचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाने तुमच्यावर काही बोजा येत नाही. सात दिवसांपर्यंत थोडा येतो, त्यापुढे बँकेच्या धोरणावर. म्हणजे बिलाची वाट पाहणंही उशिराचं, प्रत्येक व्यवहाराचा संदेश चालू ठेवायला हवा. दुकानदाराने परत केलेले पैसे शेवटच्या तारखेआधी आले तर ते त्याच बिलातून वजा व्हायला हवेत. तरीही ऑटोपेने पूर्ण रक्कम गेली, तर फरक कार्डावर जमा दिसतो का ते तपासा.

बँक चुकीचा दंड परत देत नसेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा आणि क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. मँडेट परत गेल्याची तारीख, त्या दिवशीची खात्यातली शिल्लक आणि बिलाचं पान, ही तीन कागदं जोडली की बाकी वर्णन चार ओळींत भागतं.

नोकरी बदलून पगाराचं खातं बदलणार असाल, तर जुनं खातं रिकामं करण्याआधी नव्या खात्यावरचं मँडेट मंजूर होऊ द्या. जुन्यातून एक बिल वेळेवर जाईल एवढे पैसे तिथे राहू द्या, आणि नव्या खात्यातून पहिली रक्कम गेलेली पासबुकात दिसली की मगच जुनं मँडेट यूएमआरएन देऊन रद्द करा.